तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीखाली किती माणसं होती

"मॅडम, पदवी तर हातात आली, पण न्यूजरूमच्या पहिल्या आठवड्यात खरं काय शिकायला मिळतं?"

ठाण्यात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या पदवीदान समारंभात मला बोलायला बोलावलं होतं. तिथे मी एकच रात्र सांगितली, माझ्या नोकरीतली चौथी. नंतरही हा प्रश्न येतच राहिला, म्हणून ती रात्र इथे नीट लिहून काढते.

जुलै महिना होता आणि दुपारपासून पावसाने जोर धरला होता. मी शिकाऊ उपसंपादक. माझ्याकडे काम होतं दर तासाला फोन फिरवायचं: अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष, पोलिसांचा नियंत्रण कक्ष, लोहमार्ग पोलीस आणि कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय. पावणेदहाच्या सुमारास अग्निशमन दलाकडून कळलं की कळव्यात डोंगराच्या पायथ्याशी संरक्षक भिंत एका खोलीवर कोसळली. चार जणांना बाहेर काढून रुग्णालयात पाठवलं, चौघं जखमी. दहा वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयात फोन लावला. तिथे सांगितलं, एक मृत, बाकीच्यांवर उपचार सुरू आहेत.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान साडेदहाला सुटायचं. मी बातमी लिहिली: "भिंत कोसळून एकाचा मृत्यू, चार जखमी". पान गेलं.

शहर आवृत्तीसाठी तीच कॉपी मुख्य उपसंपादकांच्या हातात गेली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "भिंतीखाली एकूण माणसं किती होती?" मी म्हटलं, पाच. "पाच हा आकडा तुला कोणी सांगितला?" कोणीच नव्हता सांगितला. चार अग्निशमन दलाचे आणि एक रुग्णालयाचा, ही बेरीज माझी होती.

तेव्हा मला जे समजलं नव्हतं ते असं. प्रत्येक यंत्रणा आपल्या दारातून गेलेली माणसं मोजते, आणि तीही आपल्या वेळेला. अग्निशमन दल ढिगाऱ्यातून काढलेले मोजतं. तो माणूस रिक्षात किंवा रुग्णवाहिकेत ठेवला की त्यांची मोजणी संपली, पुढे तो वाचला की गेला हे त्यांच्या नोंदीत येईलच असं नाही. रुग्णालय आपल्याकडे आणलेले मोजतं. पोलीस पंचनाम्यात आणि जबाबात आलेले मोजतात. म्हणजे अग्निशमन दलाच्या चार जखमींतलाच एक जण अर्ध्या तासाने रुग्णालयाच्या नोंदीत मृत झालेला असतो. हे दोन आकडे एकाच माणसाचे असतात, आणि आपण त्यांची बेरीज करतो.

त्यांनी मला एका कोऱ्या कागदावर रेघा मारायला लावल्या. एका ओळीत एक माणूस. पुढे रकाने: वय, बाई की पुरुष, आत्ता कुठे आहे, कोणी सांगितलं, किती वाजता. मग पुन्हा फोन. या वेळी वॉर्डात लावायचा नाही, रुग्णालयातल्या पोलीस चौकीत लावायचा, असं त्यांनी बजावलं. अपघातात जखमी झालेला किंवा आणण्यापूर्वीच मृत झालेला माणूस अपघात विभागात आला की पोलिसांसाठी त्याची वेगळी नोंद होते, आणि ती वेळेसकट चौकीत असते. वॉर्डातली नर्स आपल्या खाटेवरचा रुग्ण सांगेल, पण आणण्यापूर्वीच जो गेला तो तिच्या वॉर्डात आलेलाच नसतो.

पहिली ओळ भरली: पुरुष, आणण्यापूर्वीच मृत. दुसरी: त्याची पत्नी, दाखल. तिसरी: मुलगी, दाखल. चौकीच्या नोंदीत चौथा कोणीच नव्हता. अग्निशमन दलाला पुन्हा विचारलं तर ते म्हणाले, लहान मुलगा होता, आम्हीच काढला. शेवटी पोलीस ठाण्यातल्या हवालदारांकडून उलगडा झाला. मुलाच्या कोपराला खरचटलं होतं, शेजाऱ्यांनी त्याला वाटेतल्याच डॉक्टरांकडे नेऊन दोन टाके घालून आणलं, आणि तो शेजारच्या घरी झोपला होता. पाचवी ओळ भरेना, कारण पाचवा माणूस नव्हताच. शहर आवृत्तीत एक मृत, तीन जखमी असं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर पोहोचले तोवर मुरबाडजवळच्या एका गावातून दोनदा फोन येऊन गेला होता. तिसरा मी घेतला. दुकानातून बोलत होता तो, मृताचा धाकटा भाऊ. भाऊ गेल्याचं त्याला पहाटेच कळलं होतं. तो मला म्हणाला, "ताई, त्या खोलीत आमची चार माणसं. तुम्ही पाच छापलीत. आमची आई सोमवारी तिकडं गेलीय. ती पाचवी का?"

डाक आवृत्ती त्याच्या गावात जात होती. मी त्याला दुकानातच थांबायला सांगितलं आणि पोलीस ठाण्यात फोन लावला. आई आदल्या संध्याकाळीच दिव्याला मुलीकडे गेली होती. हे त्याला सांगेपर्यंतची वीस मिनिटं माझ्या आजवरच्या नोकरीतली सगळ्यात लांब वीस मिनिटं आहेत. दुरुस्तीच्या दोन ओळी मी स्वतः लिहिल्या, आणि मुख्य उपसंपादकांनी त्या डाक आवृत्तीतही घातल्या, कारण चूक तिथे छापली होती.

आज महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा निरोप मोबाइलवर येतो, त्यात ठिकाण असतं, वेळ असते, जखमींचा आकडा असतो. तोही त्या क्षणाचाच असतो. तासाभराने सुधारित निरोप आला तर तो पहिल्याच्या जागी वाचायचा असतो, पहिल्यात मिळवायचा नसतो. आणि आकड्यासोबत वेळ आणि सांगणारा, हे दोन्ही बातमीतच लिहायचे: "रात्री साडेअकरापर्यंत, पोलिसांच्या माहितीनुसार". दाखल असलेला माणूस पहाटे दगावू शकतो. वेळ लिहिलेली असली तर आपला आकडा तेव्हाही खरा राहतो.

अशाच घाईत आणखी एक वाक्य पहिल्या आठवड्यातली मुलं हमखास लिहितात: "ठेकेदारावर गुन्हा दाखल". पहिल्या रात्री पोलीस बहुधा अकस्मात मृत्यूची नोंद करतात. ही नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. मृत्यू कशाने झाला याची ती चौकशी असते, आणि तिच्यात आरोपी नसतो. कोणाचा निष्काळजीपणा दिसून आला तर पुढे गुन्हा दाखल होतो, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 304 अ, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106. म्हणून पोलिसांना "केस झाली का?" असं विचारायचं नाही. "अकस्मात मृत्यू की गुन्हा? कोणतं कलम? कोणाविरुद्ध?" असं विचारायचं. "केस"ला हवालदार हो म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच असतं.

समारंभ संपल्यावर एका मुलीने मला गाठून विचारलं, पान सुटायला पाच मिनिटं आहेत आणि चौथी ओळ भरतच नाही, तर काय छापायचं? मी तिला वहीत लिहून दिलं: "ढिगाऱ्याखालून चौघांना बाहेर काढण्यात आल्याचे अग्निशमन दलाने सांगितले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला असून दोघांवर रुग्णालयात उपचार सुरू आहेत. चौथ्या व्यक्तीबाबत रात्री सव्वादहापर्यंत माहिती मिळू शकली नव्हती."