डॅम्पिंग ०.७०७, तरी ओव्हरशूट २१ टक्के

छत्रपती संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंट्रोल सिस्टीम शिकवतो. त्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला उपग्रहाचं गणित दिलं होतं. अवकाशात उपग्रहाला ना घर्षण असतं ना स्प्रिंग. टॉर्क दिला की कोनीय त्वरण मिळतं आणि ते दोनदा इंटिग्रेट झालं की कोन. जडत्व १० किलोग्रॅम-मीटर वर्ग धरलं, म्हणून प्लँट `1/(10s²)`. डॅम्पिंग रेशो ०.७०७ हवा आणि २ टक्क्यांच्या पट्ट्यात ८ सेकंदांत स्थिरावायचं.

नुसता प्रपोर्शनल गेन लावला तर दोन्ही पोल काल्पनिक अक्षावरूनच वर-खाली सरकतात आणि उपग्रह कायम झुलत राहतो. म्हणून डेरिव्हेटिव्हचा झिरो हवा. ४ भागिले ८ केलं की पोलचा वास्तव भाग ०.५ येतो, आणि ०.७०७ डॅम्पिंगला रेषा ४५ अंशांची, म्हणून पोल `-0.5 ± 0.5j`. मूळबिंदूवरच्या प्रत्येक पोलपासून तिथवरचा कोन १३५ अंश, दोघांचे मिळून २७०. अट आहे १८० ची. उरलेले ९० अंश झिरोनं भरून द्यायचे, म्हणजे झिरो त्या पोलच्या बरोबर खाली, −०.५ वर. गेन काढला की `Kd = 10`, `Kp = 5`. रूट लोकस म्हणजे झिरोभोवती ०.५ त्रिज्येचं वर्तुळ. मुलांनी ते कंपासनं काढलं आणि पोल त्यावर चपखल बसले.

मग ऑक्टेव्हमध्ये स्टेप दिली:

```
pkg load control
s = tf('s');
step(feedback((5 + 10*s)/(10*s^2), 1))
```

परभणीकडची एक मुलगी आलेख घेऊन आली. "सर, पोल तर जागेवर हायेत, पण ओव्हरशूट २१ टक्के यायलाय. पुस्तकात ०.७ ला चार-साडेचार टक्के लिहिलंय." शेजारचा मुलगा म्हणाला, "गेन वाढव, दाबून जाईल."

मी त्याला गेन दुप्पट करायला सांगितला. दोन्ही पोल वास्तव अक्षावर −१ ला एकत्र आले. आता झुलण्याचा प्रश्नच नव्हता, तरी वक्र १३.५ टक्के वर गेलाच. वर्ग गप्प झाला. मला अशा क्षणासाठीच प्रॅक्टिकल घ्यावंसं वाटतं.

फळ्यावर पहिल्या गेनची स्टेपला येणारी एरर लिहिली: `E(s) = s/(s² + s + 0.5)`. यात s शून्य ठेवला की उत्तर शून्य, म्हणजे एररचं सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं एकूण क्षेत्रफळ शून्य. सुरुवातीला एरर धन असते, तेव्हा पुढं ती कधीतरी ऋण व्हायलाच हवी. कंट्रोलर पूर्णपणे एररवर चालत असेल आणि लूपमध्ये दोन इंटिग्रेटर असतील, तर स्टेपला ओव्हरशूट अटळ आहे. गेन वाढवून तो कमी होईल, संपणार नाही. रूट लोकस पोल कुठं जातात ते दाखवतो, पण −०.५ चा झिरो बंद लूपमध्येही तसाच शिल्लक राहतो, हे त्या वर्तुळावर दिसत नाही.

तिनं लगेच विचारलं, "मग झिरो काढून टाकता येतो का?"

येतो. डेरिव्हेटिव्ह एररचा न घेता उपग्रहाच्या स्वतःच्या कोनाचा घ्यायचा, म्हणजेच त्याचा कोनीय वेग. जायरो तो थेट मोजून देतो. मग टॉर्क `Kp(θref − θ) − Kd·ω` असा होतो. छेदातलं बहुपद तेच, म्हणून पोलही तेच. अंशातला झिरो मात्र गेला. पुन्हा चालवलं तर ओव्हरशूट ४.३ टक्के.

पण आता दुसरी गोष्ट पुढं आली. झिरोसह ६.९ सेकंदांत स्थिरावणारा प्रतिसाद आता ८.४ घेऊ लागला. ४ भागिले वास्तव भाग हा अंदाज आहे, वक्राचा खरा वेळ नाही. वास्तव भाग ०.५५ केला तर `Kd = 11`, `Kp = 6.05` आणि वेळ ७.७ सेकंद. गणिताच्या अटी पूर्ण झाल्या.

उरली रिअॅक्शन व्हीलची मर्यादा. व्हील ०.१ न्यूटन-मीटरच देऊ शकतं असं धरलं, तर `Kp` च्या हिशेबानं एक अंशाच्या आतच ते भरून जातं. त्यापुढं डिझाइन रेषीय राहत नाही आणि हे आकडे लागू पडत नाहीत. ती मुलगी मग ३० अंशांच्या वळणासाठी स्टेपऐवजी हळूहळू वाढणारा कोन द्यायच्या मागं लागली, आणि मी तिला आधी व्हीलच्या टॉर्कचा आलेख काढायला सांगितला.