नागीण सुकली, आग का राहिली?

तुम्ही विचारलंत: “नागीण सुकून चार महिने झाले, अंगावर एक फोड नाही, मग आग का जात नाही? आणि घरातल्या बाकीच्यांना हे होऊ नये म्हणून काही करता येतं का?”

वेंगुर्ल्याच्या बाजूला दवाखाना चालवताना हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. एका आबांची हकिगत सांगतो. त्यांना काय झालं ते कळलं की उत्तर आपोआप हाती येईल.

आबा एकाहत्तर वर्षांचे, काजूची बाग स्वतः बघणारे. डाव्या बरगडीखाली दोन दिवस चमका येत होत्या, त्यांना वाटलं लचक भरली. तेल चोळून झालं. तिसऱ्या दिवशी छातीच्या डाव्या बाजूला लाल चट्टे उठले आणि त्यावर पाण्याचे फोड आले, पाठीच्या कण्यापासून पुढे स्तनाखालपर्यंत, अर्ध्या पट्ट्यासारखे. घरच्यांनी नागीण ओळखली. गेरूचा लेप झाला, मंत्र घालणाऱ्याकडे फेरी झाली. माझ्याकडे आले तेव्हा फोड येऊन पाच दिवस झाले होते. सगळ्यांच्या तोंडी एकच काळजी होती, तोंड आणि शेपूट मिळाली तर?

ती सहसा मिळत नाहीत, आणि त्याला कारण आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत, मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना, संवेदना आणणाऱ्या नसांच्या छोट्या गाठी असतात. त्यांत तो वर्षानुवर्षं पडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्याच एका नसेतून कातडीपर्यंत उतरतो. ती नस छातीच्या अर्ध्या भागाचीच असते, तिची हद्द मधल्या रेषेपाशी संपते, म्हणून फोडही तिथेच थांबतात. कर्करोगाची औषधं चालू असलेल्या माणसाच्या अंगभर फोड आले तर ती वेगळी गोष्ट, आणि ती खरोखर गंभीर.

आता मूळ मुद्दा. फोड कातडीवर दिसतात म्हणून आपण नागिणीला कातडीचा आजार समजतो. विषाणूची खरी मारामारी मात्र त्या गाठीत आणि नसेत झालेली असते. 1900 साली इंग्लंडमधल्या हेड आणि कॅम्बेल या डॉक्टरांनी नागीण झालेल्या मृत रुग्णांच्या या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांत सूज, रक्तस्राव आणि मेलेल्या पेशी सापडल्या. कातडी दोन-तीन आठवड्यांत नवी येते. गाठीतली मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. खपल्या पडतात तेव्हा विषाणूचं काम संपलेलं असतं, नुकसान मागे राहतं.

मग नस मेली तर बधिरपणा यायला हवा, आग कशी? दोन्ही येतात, आणि हेच या दुखण्याचं लक्षण आहे. चार महिन्यांनी आबा परत आले ते उघड्या अंगाने, पंचा कमरेला आणि सदरा हातात. म्हणाले, “सदरो लागलो काय आग पडता, डॉक्टरानु. पंख्याचो वारो लागलो तरी.” मी त्यांच्या छातीवर कापसाचा बोळा हलकेच फिरवला, ते दचकून मागे सरले. त्याच जागी टाचणीचं टोक लावलं तर म्हणाले, काहीतरी बोथट लागतंय. जिथे टोचलेलं कळत नाही, तिथे कापूस भाजतो. ही जागा मी पेनाने आखून घेतो, म्हणजे पुढच्या वेळी ती आक्रसली की पसरली ते कळतं. फोड उठल्यापासून नव्वद दिवसांपुढे अशी आग टिकली की तिला नागिणीनंतरचं मज्जातंतूंचं दुखणं म्हणतात.

आत काय होतं ते असं. उरलेल्या जखमी नसांच्या टोकांवर आणि वाटेत संदेश पेटवणारे सोडियमचे मार्ग भलतीकडे जमतात, त्यामुळे कुणी हात न लावता त्या आपोआप संदेश सोडत राहतात. हे सततचं भाजणं आणि मधूनच येणारी वीज. दुसरी गोष्ट मज्जारज्जूत घडते. आठवडेच्या आठवडे वेदनेचे संदेश येऊन आदळले की तिथल्या पेशी अतिसंवेदनशील होतात, आणि स्पर्श वाहून आणणाऱ्या नसांचा साधा संदेशही त्या वेदना म्हणून वर पाठवतात. दशावतारात माईक शिट्टी मारतो तेव्हा कुणी जोरात बोललेलं नसतं, आवाज वाढवण्याचं बटण फार पुढे गेलेलं असतं. आबांच्या सदऱ्याचं तसं झालं होतं.

यावरून हेही कळतं की डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं का लागू पडत नाहीत. ती सूज उतरवतात, आणि इथे आता उतरवण्यासारखी सूज उरलेली नसते. आबांनी मधल्या काळात त्याच औषधाच्या गोळ्या दुकानातून आणून महिनाभर खाल्ल्या होत्या, जोडीला बी-बाराच्या सुया. बी-बारा शरीरात कमी असेल तर द्यावं, नसेल तर या दुखण्यावर ते उपाय नाही. मी क्रिएटिनिन तपासलं, ते 1.4 आलं. त्या वयाला म्हणजे मूत्रपिंडाची ताकद निम्म्याच्या आसपास. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मूत्रपिंडाला जाचतात, म्हणून त्या आधी बंद केल्या.

या दुखण्यावरची औषधं दोन जातींची. एक जुनी, अमिट्रिप्टिलिन आणि तिची बहीण नॉरट्रिप्टिलिन. नैराश्यावर देतात त्याच, पण इथे डोस खूप कमी, रात्री 10 मिलिग्रॅमपासून, कारण इथे त्या मनासाठी नसून मज्जारज्जूतलं बटण मागे आणण्यासाठी असतात. मला त्या आवडतात, स्वस्त आहेत आणि झोप देतात. पण आबांना प्रोस्टेटचा त्रास. या गोळीने लघवी तुंबू शकते, काचबिंदू बळावू शकतो, हृदयाच्या ठोक्यांत गडबड असली तर वाढू शकते. म्हणून दुसरी जात घेतली, गॅबापेंटिन. (प्रेगाबॅलिन त्याच घराण्यातली.) ती मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून चांगल्या मूत्रपिंडाच्या माणसाला पहिल्याच रात्री 300 देतात तिथे आबांना 100 मिलिग्रॅमवर सुरुवात केली. दर काही दिवसांनी थोडं वाढवत दिवसातून तीनदा 300 पर्यंत नेलं आणि तिथेच थांबलो.

पहिल्या आठवड्यात त्यांना गरगरायला लागलं. आमच्याकडे अजून कित्येक घरांत न्हाणीघर मागच्या पडवीपलीकडे असतं. रात्री उठून तिथवर जाताना पडले तर मांडीचं हाड जायचं, आणि आग राहिली बाजूला. म्हणून डोस वाढवणं थांबवलं, उशाशी भांडं ठेवायला सांगितलं, डोकं स्थिर झाल्यावरच पुढे गेलो. बहुतेक जण इथेच औषध टाकतात: चार दिवस घेतलं, गुण आला नाही, चक्कर आली, संपलं. पुरेशा डोसावर निदान काही आठवडे गेल्याशिवाय हे औषध चाललं की नाही ते ठरवता येत नाही. आणि चाललं तरी एकदम तोडायचं नाही, उतरत्या डोसाने बंद करायचं.

जोडीला पाच टक्के लिडोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी. ती अखंड कातडीवर बारा तास लावायची, मग बारा तास काढून ठेवायची, आखलेल्या जागेएवढी कापून घेतली तरी चालते. सोडियमच्या त्या भलत्या मार्गांना ती तिथल्या तिथे गप्प करते, रक्तात फारशी जात नाही, म्हणून म्हाताऱ्यांना बरी. महाग आहे, आणि मे महिन्यात घामाने सुटून येते. आबा ती रात्रीच लावायचे.

तीन महिन्यांत आग दहापैकी आठवरून तीन-चारवर आली. शून्यावर आली नाही. पण सदरा घालून ते जत्रेला गेले, रात्री सलग झोपू लागले. निम्म्याने उतार पडला तर मी तो चांगला निकाल मानतो, आणि रुग्णाला हे आधीच सांगतो. बऱ्याच जणांची आग महिन्यांत, वर्षभरात आपणहून निवळते. काहींची वर्षानुवर्षं राहते.

आबा पहिल्याच दिवशी आले असते तर हे टळलं असतं का, असं त्यांच्या मुलाने विचारलं. विषाणू रोखणारं ॲसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिर 1000 मिलिग्रॅम तीन वेळा, सात दिवस, फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केलं तर फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीचं दुखणं लवकर ओसरतं. डोस मूत्रपिंड बघून कमी करावा लागतो. पण नंतरची आग ते नक्की टाळतं असा भक्कम पुरावा नाही, म्हणून मी मुलाला ठाम हो म्हटलं नाही. तरीही पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला मी ते देतो. नवे फोड येतच असतील तर 72 तास उलटल्यावरही देतो, आबांनाही म्हणूनच दिलं होतं. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कारण तिथे दृष्टीचा प्रश्न असतो. स्टेरॉइड देऊन नंतरची आग टळत नाही.

टाळायची तर नागीणच टाळावी लागते, आणि त्याला लस आहे. ती विषाणूच्या एका प्रथिनापासून बनवलेली आहे, तिच्यात जिवंत विषाणू नाही, म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही देता येते. भारतात 2023 साली पन्नाशीपुढच्यांसाठी आली. दंडात दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांत सुमारे 97 टक्के आणि सत्तरीपुढच्यांतही सुमारे 90 टक्के नागिणी तिने टाळल्या. नागीणच टळली की पुढची आगही टळते. दोन डोसांचा खर्च पाच आकडी जातो, आणि सरकारी लसीकरणात ती नाही. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याला मी आधी मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं नियमित घे म्हणून सांगतो. पण परवडत असेल तर साठीपुढच्याने ती घ्यावी, असं माझं मत आहे.

घरातल्या बाकीच्यांना आबांपासून नागीण लागत नाही. ज्याला कधी कांजिण्या आल्या नाहीत आणि ज्याने त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला ओल्या फोडांतल्या पाण्याने कांजिण्या होऊ शकतात, म्हणून फोड झाकून ठेवायचे आणि गरोदर सुनेला लांब ठेवायचं, खपल्या धरेपर्यंत.

आबांच्या पत्नीने लस घेतली. कुडाळहून बर्फाच्या डब्यातून मागवली, कारण ती दोन ते आठ अंशांत राहावी लागते. पहिल्या डोसानंतर दोन दिवस दंड ठणकला, अंगात कणकण आली, तिसऱ्या दिवशी त्या चुलीपाशी होत्या. आबा मात्र अडून बसले, “झाली ती झाली, आता माका ती कित्याक?” असलेली आग ती लस कमी करणार नाही, हे त्यांचं खरंच. पण नागीण पुन्हा होऊ शकते, दुसऱ्या नसेतून, म्हणून मी त्यांना पावसाळा सरला की पहिला डोस घ्यायला बोलावलं आहे.