एकोणीस कॅप्सूलचा हिशेब

"बायोप्सीची तारीख टाकायच्या आधी यांची औषधं एकदा नीट बघून घे," असं म्हणत नेफ्रॉलॉजीच्या डॉक्टरांनी फाइल माझ्याकडे सरकवली. मी ट्रान्सप्लांट विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रुग्ण काय घेतो, कधी घेतो, आणि त्यातलं काय कशाशी भांडतं हे शोधणं माझं काम. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

रुग्ण निवृत्त गणित शिक्षक, वय ६३. किडनी बसवून नऊ वर्षं झालेली. सोबत त्यांची पत्नी, आणि हातात लांब वही. वहीत पट्टीने आखलेले रकाने होते: तारीख, क्रिएटिनिन, बीपी, सायक्लोस्पोरिनची पातळी, आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. क्रिएटिनिन किडनीचं काम मंदावलं की चढतं. सायक्लोस्पोरिन म्हणजे बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये, म्हणजे रिजेक्शन होऊ नये, म्हणून रोज घ्यायचं औषध. नऊ वर्षं क्रिएटिनिन १.२ ते १.३, आणि आता एकदम १.८. बसवलेल्या किडनीत क्रिएटिनिन असं चढलं की पहिली भीती रिजेक्शनची असते. म्हणूनच बायोप्सीची बोलणी चालू होती.

पण शेजारच्या रकान्यात सायक्लोस्पोरिन १७६ होतं. आधीची दोन वर्षं ते १०० ते ११५ नॅनोग्रॅमच्या दरम्यान स्थिर होतं, आणि गोळीचा डोसही तोच होता. औषध कमी पडून रिजेक्शन झालं असं म्हणावं, तर इथे औषध जास्तच होतं. सायक्लोस्पोरिन जास्त झालं की किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या आवळल्या जातात आणि क्रिएटिनिन चढतं.

आणखी एक गोष्ट दिसली, ती लॅबच्या कागदावर नव्हती. वहीतलं अक्षर छापल्यासारखं होतं, पण शेवटच्या चार ओळींत ते कापरं झालं होतं. पाचाचं पोट दोनदा गिरवलेलं. मी त्यांना हात पुढे करायला सांगितलं. बोटं थरथरत होती, तीही बारीक आणि सारखी. सायक्लोस्पोरिनचा हाही एक ओळखीचा दुष्परिणाम.

पहिली शंका नेहमीचीच. रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे आदल्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फुगतो. "सर, त्या दिवशी गोळी आधी घेतली होती का?"

"मॅडम, नऊ वर्षांत एकदाही नाही," ते जरा दुखावूनच म्हणाले.

मग मी नेहमीचे संशयित एकेक करून विचारले: क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, बुरशीवरची गोळी, बीपीसाठी नव्याने डिल्टियाझेम, ग्रेपफ्रूटचा रस. सगळ्यांना उत्तर "नाही". "दुसरं कुठलंही औषध?" "नाही." मी फाइल मिटणार इतक्यात काकू हळूच म्हणाल्या, "अहो, त्या कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूल सांगा की."

"ते औषध नाही, नैसर्गिक आहे," सर म्हणाले.

तेव्हापासून "दुसरं औषध घेता का" हा प्रश्न मी विचारतच नाही. "गोळी, कॅप्सूल, पूड, काढा, तोंडात काय काय जातं ते सांगा," असं विचारते.

काकूंनी पिशवीतून बाटली काढली. रोज दोन कॅप्सूल घ्यायच्या. प्रत्येकीत बर्बेरिन ५०० मिलिग्रॅम आणि रेड यीस्ट राइसचा अर्क ६०० मिलिग्रॅम. मी एक कॅप्सूल कागदावर उघडली. तांबूस-पिवळी कडवट पूड पडली, आणि चिमटीला लागलेला पिवळा डाग हात धुतल्यावरही फिकट उरला. हा पिवळा रंग बर्बेरिनचा, म्हणजे दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांमध्ये असतो तोच.

सरांनी हे सुरू केलं त्याला कारण होतं. त्यांना प्रावास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन २० मिलिग्रॅम चालू होतं. सायक्लोस्पोरिनसोबत त्याच्या वर जाता येत नाही. मांड्या दुखतात म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी ते स्वतःच बंद केलं. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके त्या वेळी तपासलंच गेलं नाही, त्यामुळे दुखणं खरंच स्टॅटिनचं होतं की नाही ते कळायला आता मार्ग नाही. एलडीएल १४१ वर गेलं. मग कुणीतरी "स्टॅटिनशिवाय" असं सांगून ही बाटली सुचवली.

"आणि गुण आला," सरांनी वहीत बोट ठेवलं. सहाव्या आठवड्यात एलडीएल १०८. आकडा खरा होता. पण उतरवला कुणी?

बर्बेरिन एलडीएल थोडं उतरवतं, हे खोटं नाही. २००४ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात रोज १ ग्रॅम बर्बेरिन तीन महिने दिल्यावर एलडीएल साधारण २५ टक्क्यांनी घटल्याचं आलं होतं. पण बर्बेरिन घेणारे होते जेमतेम ३२ जण. त्यात सापडलेली यंत्रणा खरोखर वेगळी होती: यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढतात, पण स्टॅटिनच्या वाटेने नाही. पुढचे अभ्यास एकत्र केले तेव्हा एलडीएलमधली घट डेसिलिटरमागे साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम निघाली. त्यातले बरेचसे अभ्यास छोटे आणि थोड्या मुदतीचे. हार्ट अ‍ॅटॅक कमी होतात का, हे तपासणारा मोठा प्रयोग झालेलाच नाही.

खरी गंमत बाटलीतल्या दुसऱ्या घटकाची होती. रेड यीस्ट राइस म्हणजे मोनॅस्कस बुरशीने आंबवलेला तांदूळ. त्यातलं काम करणारं द्रव्य मोनॅकोलिन के, आणि मोनॅकोलिन के म्हणजेच लोवास्टॅटिन, १९८७ साली बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन. रेणू तोच, नाव वेगळं. म्हणजे सर एक स्टॅटिन सोडून दुसऱ्यावर आले होते, आणि तेही किती आहे ते न लिहिलेल्या बाटलीतून. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा २८ उत्पादनांमधलं मोनॅकोलिन के मोजलं, तर कमाल आणि किमान यांत साठ पटींचा फरक निघाला. युरोपीय संघाने २०२२ मध्ये रोजची मात्रा ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा नियम केला. या बाटलीवर फक्त "अर्क ६०० मिलिग्रॅम" होतं.

आता हे दोन घटक आणि सायक्लोस्पोरिन एकमेकांशी काय करतात ते सरांना समजवायचं होतं. गणिताच्या शिक्षकाला आकृती आवडते, म्हणून वहीच्या मागच्या पानावर बाण काढले. सायक्लोस्पोरिन मोडण्याचं काम आतड्याच्या भिंतीतलं आणि यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम करतं. बर्बेरिन त्या एन्झाइमला अडवतं. २००५ मध्ये किडनी ट्रान्सप्लांटच्या सहा रुग्णांना रोज तीनदा ०.२ ग्रॅम बर्बेरिन देऊन मोजलं, तेव्हा बारा दिवसांत शरीरातलं एकूण सायक्लोस्पोरिन सरासरी ३४.५ टक्क्यांनी वाढलं. सर तर रोज १ ग्रॅम घेत होते. हा पहिला बाण. दुसरा उलट दिशेचा: सायक्लोस्पोरिन स्वतः लोवास्टॅटिनला यकृतात शिरू देत नाही आणि मोडूही देत नाही, त्यामुळे ते रक्तात साठतं आणि स्नायूंना बाधतं. म्हणून या दोघांची जोडी टाळायची असते. आणि इथे तर पहिल्या बाणाने सायक्लोस्पोरिनच वाढवून ठेवलं होतं.

"सर, जिना चढताना मांड्या?"

"भरून येतात. मी वयावर ढकलत होतो."

सीपीके पाठवलं. २३४० आलं, साधारण २०० च्या आत असायला हवं होतं. लघवीचा रंग गडद झाला नव्हता, एवढं नशीब.

यानंतर एक फसवी जागा येते. पातळी जास्त आहे म्हटल्यावर कुणाचाही हात सायक्लोस्पोरिनचा डोस कमी करायला जातो. रेसिडेंट डॉक्टरांनी तसं लिहायलाही घेतलं होतं. पण आज कॅप्सूल बंद होणार म्हणजे एन्झाइमवरची पकड काही दिवसांत सुटणार, आणि पातळी आपोआप उतरणार. त्याच वेळी डोसही कापला तर आठवड्याभरात ती तळाला जाईल, आणि जे रिजेक्शन आज नाही ते आपणच ओढवून घेऊ. डॉक्टरांना पटलं. कॅप्सूल त्याच क्षणी बंद, डोस होता तोच, बायोप्सी आठवडाभर पुढे, आणि चौथ्या व आठव्या दिवशी रक्त. क्रिएटिनिन त्या वेळात आणखी चढलं असतं, तर बायोप्सी लगेच करायची होती.

चौथ्या दिवशी पातळी १३८, आठव्या दिवशी १०९. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४. सीपीके निवळायला तीन आठवडे लागले. बायोप्सी करावी लागली नाही. पुढे प्रावास्टॅटिन १० मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू केलं, या वेळी आधी सीपीके मोजून.

मध्येच सरांनी विचारलं होतं, "मग नुसत्या लसणाच्या कॅप्सूल?" त्यावर सांगण्यासारखा एक प्रयोग आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या त्या चाचणीत रोसुवास्टॅटिन ५ मिलिग्रॅमची तुलना फिश ऑइल, लसूण, दालचिनी, हळद, प्लांट स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस यांच्याशी केली. २८ दिवसांत रोसुवास्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवलं, आणि बाकी सहाही निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाहीत. पैसा रोसुवास्टॅटिनच्या कंपनीचा होता, हेही मी सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

पण त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट राहिली. बाटली ताब्यात घेताना मी सवयीने कॅप्सूल मोजल्या. सुरू करून ४९ दिवस झाले होते, रोज दोन म्हणजे ९८. साठ-साठच्या दोन बाटल्या आणलेल्या. बावीस उरायला हव्यात, उघडलेली धरून निघाल्या तीन. मला वाटलं, सर गुण येतोय म्हणून मधूनच जास्तीची घेतायत, आणि पातळी इतकी वाढण्याचं तेच कारण असावं. मी तसं विचारलंही. ते भडकले. "दोन म्हणजे दोनच! एकोणीसचा फरक पडेलच कसा?"

काकू काही बोलल्या नाहीत. दोघं उठले, दारापर्यंत गेले, आणि सर पुढे झाल्यावर त्या मागे वळल्या.

"मॅडम, रोज एक मी घेत होते. साखरेलाही चांगली म्हणतात ना. एकोणीस दिवस झाले."

"काकू, तुम्हाला साखरेची गोळी कुठली चालू आहे?"

त्यांनी पर्समधून स्ट्रिप काढली. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. बर्बेरिन स्वतः साखर उतरवतं, आणि ग्लिमेपिराइड मोडणाऱ्या सीवायपी२सी९ या एन्झाइमलाही अडवतं.

"दुपारच्या जेवणाआधी घाम फुटतो का? हात कापतात?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी तर यांच्या काळजीने होतंय म्हणत होते."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सिस्टरांकडून ग्लुकोमीटर मागवला. घड्याळात पावणेबारा झाले होते. आकडा आला ५८.