‘ठेवोनियां’ एवढं मोठं कशाला? एका अक्षर-पोस्टरची तपासणी : माझा अनुभव

वाचनालयाच्या भिंतीसाठी आषाढीचं पोस्टर करायचं ठरलं. आकार ए-२, चित्र नाही, नक्षी नाही, फक्त अक्षरं. मजकूर तुकोबांचा, सगळ्यांना पाठ असलेला. डिझायनर मुलगी हुशार आहे, टाइपही तिने चांगला निवडला होता. ‘एकदा नजर टाका’ म्हणून पोस्टर माझ्याकडे आलं. कागद, रंग, छपाई यांचं सगळं बिनबोभाट झालं. आम्ही अडकलो ते शेवटच्या चार अक्षरांवर, आणि त्यांच्यामागे ठाण मांडून बसलेल्या कार्यवाहांवर.

पहिल्या मसुद्यात ओळी अशा होत्या:

सुंदर तें
ध्यान उभे
विटेवरी कर
कटावरी ठेवोनियां

शब्द जागेत बसतील तसे तोडलेले. ही ओळ ‘मोठा अभंग’ या छंदातली आहे. त्यात चार चरण असतात, अक्षरं सहा, सहा, सहा आणि शेवटी चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचं. सुं-द-र-तें-ध्या-न, सहा. उ-भें-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-यां, चार. म्हणजे ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ ही जोडी आहे. या मसुद्यात ‘विटेवरी’ ओळीच्या सुरुवातीला, ‘कटावरी’ही ओळीच्या सुरुवातीला, आणि यमक कुठेच नाही. शिवाय ‘विटेवरी कर’ एवढंच वाचलं तर हात विटेवर ठेवलेत असं वाटतं. मी तिला एवढंच म्हटलं, ‘मोठ्याने वाच आणि श्वास घेतेस तिथे पेन्सिलीने रेघ मार.’ तिने वाचलं, रेघा मारल्या, आणि चरण आपोआप चार ओळींत उतरले:

सुंदर तें ध्यान
उभें विटेवरी
कर कटावरी
ठेवोनियां

आता दोन्ही ‘वरी’ एकाखाली एक आले. छापील गाथेत हाच मजकूर दोन ओळींत असतो आणि ‘विटेवरी’नंतर दंड येतो. चार ओळी केल्यावर आम्ही तो दंड काढला. जाड टाइपमध्ये तो ‘री’ला चिकटून जास्तीच्या कान्यासारखा दिसत होता, आणि ओळ तुटल्यावर त्याचं काम उरतही नव्हतं.

इथे संपायला हवं होतं. पण कार्यवाहांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘खाली उजवीकडे भोक पडलंय. चौकोन भरून काढा.’

मग चौकोन भरण्याचे प्रकार सुरू झाले. आधी अक्षरांमधलं अंतर वाढवून ‘ठेवोनियां’ इतर ओळींइतकं रुंद केलं. देवनागरीत हे चालत नाही. शिरोरेषा तुटते, आणि शब्दाच्या जागी चार सुटी अक्षरं टांगल्यासारखी दिसतात. मग शब्दच आडवा ताणला. त्यात काने जाड झाले आणि शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहिली, म्हणजे एका पोस्टरवर दोन टाइप. शेवटी तिने सरळ आकार वाढवला. तेव्हा चौकोन भरला खरा, पण ‘ठेवोनियां’ इतरांच्या जवळजवळ दीडपट मोठं झालं.

आता हे पोस्टर दहा पावलांवरून पाहा, डोळे थोडे मिटून. काय वाचता येतं? ‘ठेवोनियां’. काय ठेवोनियां, कोण, कुठे, काही नाही. ध्यान नाही, वीट नाही, कटेवरचे हात नाहीत. सगळ्या ओळीतलं सर्वांत कमी वजनाचं क्रियापद, तेही अर्धवट, तेच सगळ्यात ओरडतंय. प्रत्येक ओळ एकाच रुंदीला बसवण्याच्या मांडणीत हे होणारच. तिथे आकार अर्थावरून ठरत नाही, अक्षरं किती कमी आहेत त्यावरून ठरतो. मोठ्या अभंगात कमी अक्षरं कायम चौथ्या चरणात असतात, म्हणून ही मांडणी दर वेळी शेवटच्या शब्दालाच राजा करते. आठ-आठ अक्षरांच्या लहान अभंगाला हाच चौकोन छान बसला असता. मी ते बोललेही, पण मजकूर बदलायची कुणाची तयारी नव्हती, माझीही नव्हती.

कार्यवाह मात्र भजनातले. त्यांनी जो मुद्दा काढला तो ऐकून मी गप्पच झाले. म्हणाले, ‘अहो बाई, म्हणताना आपण शेवटचा चरण लांबवतोच की! चार अक्षरं सहाच्या वेळात बसवतो. मग कागदावर लांबवलं तर बिघडलं कुठे?’

मुद्दा खोटा नाही. तालात तो चरण खरंच लांबतो. पण लांबतो म्हणजे आवाज चढत नाही. स्वर धरून ठेवला जातो आणि पुढे थांबा येतो. कागदावर तो थांबा म्हणजे ‘ठेवोनियां’नंतरची मोकळी जागा. त्यांना जे भोक वाटत होतं, तोच त्यांचा लांबवलेला सूर होता. मी दोन्ही प्रती भिंतीवर लावल्या आणि त्यांनाच म्हणून दाखवायला सांगितलं. चौकोनी प्रत पाहून म्हणताना ‘ठेवोनियां’वर त्यांचा आवाज नकळत चढला. दुसरीवर तो उतरून थांबला. ते स्वतःच हसले. लगेच ‘बरं, बघू’ म्हणाले, म्हणजे हो.

कोणता शब्द किती मोठा, या उतरंडीचं आणखी एक राहिलं. मधल्या एका मसुद्यात ‘सुंदर’ तांबडं आणि प्रचंड होतं. दुरून पाहणाऱ्याला ती एखाद्या दुकानाची पाटी वाटली असती. विशेषण त्याच्या ‘ध्याना’पासून तोडून मोठं केलं की उरलेला अभंग त्याची तळटीप होतो. शेवटी चारही चरण एकाच आकाराचे, एकाच वजनाचे ठेवले. फरक केला तो फक्त अभंग आणि खालचं नाव यांच्यात. नाव अभंगाच्या पाचव्या हिश्श्याएवढं.

हो, आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: मजकूर छापील प्रतीशी ताडून घ्या. पहिल्या मसुद्यात ‘तें’वर अनुस्वार होता आणि ‘उभे’वर नव्हता. साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याच नियमांत केशवसुतांपूर्वीचं पद्य मूळाप्रमाणे छापावं असंही आहे. तेव्हा एकतर दोन्हीकडे हवा, नाहीतर दोन्हीकडे नको. आम्ही ठेवला. ‘ठेवोनियां’, ‘ठेवूनियां’ असे पाठ मिळतात. ज्या प्रतीवरून घेताय तिचाच धरा.

ओळींमधलं अंतर तिने इंग्रजी पोस्टरच्या सवयीने आकाराच्या १.१ पट ठेवलं होतं, त्यामुळे ‘विटेवरी’च्या वेलांट्या वरच्या ‘ध्यान’ला टेकत होत्या. मराठीत एरवी मी दीडपट सांगते. इथे १.३५वर भागलं, कारण खाली लोंबणारी खूण अख्ख्या मजकुरात एकच आहे, ‘सुं’चा उकार. तो ज्या ‘उ’वर येतो त्याच्या डोक्यावर काही नाही. अंतर आकड्याने ठरवू नका, तुमच्या ओळींत वर-खाली काय काय आहे ते पाहून ठरवा. ‘ठेवूनियां’ पाठ घेतला असता तर चौथ्या ओळीखालीही थोडी जागा धरावी लागली असती.

छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी कार्यवाहांचा फोन आला: ‘ठेवोनियां’च्या उजवीकडे एवढी जागा मोकळी आहेच, तर वाचनालयाचं बोधचिन्ह तिथे टाकू या का? मी नाही म्हणाले. कारण पुन्हा सगळं सांगितलं. बोधचिन्ह तळाशी, डाव्या कोपऱ्यात गेलं, बारा मिलिमीटर रुंदीचं. ‘पुढच्या वेळी जरा मोठं करा’ असे निरोप अजून येतात.