एकाच गाडीवर दोन उलटे लंबक: रँक चार यायला हवी होती, आली दोन

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मला मिळालेला सेटअप असा होता: रुळावर धावणारी छोटी गाडी, ती ओढणारी सर्व्हो मोटर आणि गाडीवर शेजारी शेजारी बसवलेल्या 75 सेंमीच्या दोन ॲल्युमिनियमच्या सळया. दोन्ही सळया आपापल्या बेअरिंगवर मोकळ्या फिरतात. गाडी मागेपुढे हलवून दोन्ही सळया एकाच वेळी उभ्या ठेवायच्या. एक उलटा लंबक सांभाळण्याचा प्रयोग बहुतेक कंट्रोल लॅबमध्ये असतो, हे त्याचं थोरलं भावंड. कंट्रोलरला हात लावण्याआधी नियंत्रणक्षमतेची रँक काढून आण, म्हणजे दोन्ही सळया एका गाडीने सांभाळता येतात का ते कळेल, एवढंच सरांनी सांगितलं होतं.

सरळ सळईची परिणामी लांबी तिच्या खऱ्या लांबीच्या दोन तृतीयांश धरायची, म्हणजे इथे l = 0.50 मी. गाडीचं त्वरण u हाच इनपुट मानला, तर छोट्या कोनांसाठी प्रत्येक सळईचं समीकरण एका ओळीत मावतं: θ'' = (g/l)θ − u/l. दोन कोन आणि दोन कोनीय वेग मिळून चार स्टेट; त्यांचा स्तंभ x धरला, की सगळं x' = Ax + Bu असं मांडता येतं. कालमनची अट सांगते की B, AB, A²B, A³B हे स्तंभ शेजारी मांडायचे आणि त्या मॅट्रिक्सची रँक चार भरते का ते पाहायचं. भरली, तर योग्य u वापरून सिस्टिम कुठल्याही स्टेटमधून कुठल्याही स्टेटमध्ये नेता येते.

```python
import numpy as np
g, l1, l2 = 9.81, 0.50, 0.50
A = np.array([[0,1,0,0],[g/l1,0,0,0],
              [0,0,0,1],[0,0,g/l2,0]])
B = np.array([[0],[-1/l1],[0],[-1/l2]])
C = np.hstack([B, A@B, A@A@B, A@A@A@B])
print(np.linalg.matrix_rank(C))
print(np.linalg.svd(C, compute_uv=False))
```

उत्तर आलं 2.

दोन हा आकडा फक्त इतकंच सांगतो की दोन दिशा हातात नाहीत. कुठल्या दोन, हे समीकरणंच एकमेकांतून वजा केल्यावर कळलं. d = θ1 − θ2 घेतला, की u दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे उडून जातो आणि d'' = (g/l)d एवढंच उरतं. मोटर कितीही दणकट असो, गाडी कशीही पळवा, दोन सळयांमधल्या फरकाला त्याचा पत्ताच लागत नाही. एका तळहातावर सारख्या उंचीच्या दोन काठ्या उभ्या करून पाहा. एक डावीकडे आणि दुसरी उजवीकडे कलली, तर हात कुठेही न्या, एक सावरते तेव्हा दुसरी जातेच.

आणि हा फरक नुसता पडून राहत नाही, तो वाढतो. वाढीचा दर √(g/l), म्हणजे सेकंदाला 4.43. सुरुवातीला सळया स्थिर असल्या आणि त्यांच्यात एक दशांश अंशाचा फरक असला, तरी साधारण 1.2 सेकंदात तो दहा अंश होतो. डोळ्यांना एक दशांश अंश दिसतही नाही.

इथे PBH चाचणी मला जास्त उपयोगाची वाटते. तिच्यात प्रत्येक आयगेनव्हॅल्यू λ साठी [λI − A, B] ची रँक पाहायची, म्हणजे नेमका कुठला मोड निसटतोय ते समजतं. आमच्याकडे +4.43 आणि −4.43 या दोन्ही ठिकाणी रँक चारवरून तीनवर घसरली. −4.43 चं काही वाटत नाही, तो मोड आपोआप विरतो. घात +4.43 करतो. याच सळया खाली लोंबत असत्या, तरीही रँक दोनच आली असती, पण फरक नुसता झुलत राहिला असता आणि बेअरिंगच्या घर्षणाने थांबला असता. त्यामुळे रँक कमी आली म्हणून लगेच घाबरायचं नाही. हातातून सुटलेला मोड स्वतःहून विरतो की फुगतो, हे आधी बघायचं.

लॅबमधल्या एका मित्राने सुचवलं, एक सळई पितळेची लाव, जड होईल. समीकरणात वस्तुमान कुठेच नाही, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या पितळी सळईने काहीही बदलत नाही. लांबीच बदलायला हवी होती.

मग दीड सेंटीमीटर कापली तर? परिणामी लांबी 0.49 मी. होते, आणि वरचा कोड ताबडतोब 4 छापतो. कागदावर काम फत्ते. डिटर्मिनंटही 2.67 येतो, शून्याच्या जवळपासही नाही. पण दुसऱ्या ओळीत छापलेल्या सिंग्युलर व्हॅल्यू बघा: सर्वांत मोठी साधारण 57, सर्वांत लहान 0.029. दोघींमध्ये जवळजवळ दोन हजार पटींची दरी. याचा अर्थ समजायला पुन्हा फरकाचं समीकरण काढलं. त्यात u समोरचा गुणक असतो 1/l2 − 1/l1, इथे फक्त 0.04. सळया एकमेकींच्या विरुद्ध अर्धा-अर्धा अंश कललेल्या असतील, तर नुसता तो एक अंशाचा फरक वाढू न द्यायला सुमारे 8.5 मी/से² त्वरण लागतं. जवळजवळ g इतकं! तेवढं त्वरण दिलं की दोन्ही सळया मिळून एका बाजूला झोपणार. रँकच्या लेखी ही सिस्टिम पूर्ण नियंत्रणक्षम आहे. आमच्या मोटरच्या आणि रुळाच्या लेखी नाही. रँक फक्त हो किंवा नाही म्हणते, किती जोर लागेल ते सांगत नाही.

शेवटी एक सळई निम्मी केली, 37.5 सेंमी, म्हणजे परिणामी 0.25 मी. गुणक 2 झाला आणि तोच एक अंशाचा फरक रोखायला 0.26 मी/से² पुरलं. आखूड सळई लवकर पडते, पण गाडीच्या धक्क्याला तितकीच लवकर दादही देते, आणि दोघींच्या वेगातल्या या तफावतीवरच कंट्रोलर जगतो.

आता सेन्सरची बाजू. दोन्ही बेअरिंगवर एन्कोडर होते, गाडीला नव्हता. गाडीची जागा आणि वेग धरून सहा स्टेट झाले. सेन्सर कुठले स्टेट मोजतात ते सांगणारं मॅट्रिक्स H धरून H, HA, HA² अशा ओळी एकाखाली एक रचल्या आणि ऑब्झर्व्हेबिलिटीची, म्हणजे मोजमापांवरून सगळे स्टेट ओळखता येतात का याची रँक काढली, ती चार आली. हे गणिताशिवायही पटतं: रूळ सगळीकडे सारखा असेल, तर गाडी मधोमध आहे की टोकाला, हे सळईला कसं कळणार? एकसमान वेगाने सरकणाऱ्या गाडीवरही सळई स्थिर गाडीवर वागते तशीच वागते. ही तर गॅलिलिओची जुनी गोष्ट. न दिसणारे दोन्ही मोड λ = 0 चे, म्हणजे विरत नाहीत. सळया छान उभ्या असतानाच गाडी सावकाश सरकत रुळाच्या टोकाला आपटणार, आणि एस्टिमेटरला त्याची खबरही नसणार.

यात एक मेख आहे. इनपुट म्हणून त्वरणाऐवजी बल घेतलं आणि गाडीचं घर्षण धरलं, तर रँक पाच येते. घर्षण वेगावर अवलंबून असल्याने वेग सळयांच्या हालचालीत उमटतो. जागा मात्र तरीही लपलेलीच. उलट फक्त गाडीची जागा मोजली, तर बलाच्या मॉडेलमध्ये असमान सळयांचे कोनही कळतात, कारण सळया गाडीला परत ढकलतात. त्वरण हाच इनपुट मानला, तर सर्व्होने ती ढकल आधीच पचवलेली असते आणि कोन दिसेनासे होतात. यंत्र तेच, सेन्सर तोच, तरी मॉडेलप्रमाणे उत्तर बदलतं. आमच्या मोटरचा आतला लूप जलद होता, म्हणून मी त्वरणाचंच मॉडेल खरं धरलं आणि मोटरच्या शाफ्टवर तिसरा एन्कोडर बसवला. रँक सहाच्या सहा भरली.