भीमसेनजींच्या नावाखाली आमचा टप्पा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या गायनवर्गाचं यूट्यूब चॅनल मी सांभाळते. तसं सगळंच सांभाळते म्हणा: तीळ-गुळाची गजक विकणाऱ्याचं, कोचिंग क्लासचं, एका दंतवैद्याचं. व्हिडिओ कापणं, आवाज नीट करणं, थंबनेल बनवणं हे लोकांना माहीत असतं. महिन्याकाठी माझा अर्धा वेळ मात्र आकड्यांच्या तक्त्यांत आणि दुसऱ्याने घातलेला घोळ निस्तरण्यात जातो, हे कुणाला ठाऊक नसतं.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग चढवलं, त्यानंतर काही दिवसांनी वर्ग चालवणाऱ्या बुवांच्या पुतण्याचा सकाळी सकाळी फोन आला. "ताई, व्हिडिओ उडाला. आपलंच गाणं, आपलाच तबला, कॉपीराइट कसला लावतात?"

मेल वाचला. कॉपीराइटचा त्यात शब्दही नव्हता. स्पॅम आणि फसव्या प्रकारांबद्दलच्या धोरणाखाली व्हिडिओ काढला होता, आणि चॅनलवर पहिली ताकीद होती. अशा मेलमध्ये धोरणाचं नाव असतं. नेमकी कुठली ओळ खटकली ते आपलं आपण शोधायचं. व्हिडिओत शोधण्यासारखं काही नव्हतं. बुवांची शिष्या काफी रागात टप्पा हा गानप्रकार गाते, अकरा मिनिटं, संपलं. म्हणजे घोळ व्हिडिओभोवतीच्या मजकुरात होता. मजकूर मी लिहून दिला होता, पण चॅनलची किल्ली पुतण्याकडेही होती.

व्हिडिओच्या पानावर टॅग दिसत नाहीत, म्हणून पुष्कळांना वाटतं की ते कुणालाच दिसत नाहीत. ज्याला बघायचे त्याला दिसतात. संगणकावर पान उघडून Ctrl+U दाबलं की पानाचा मूळ कोड समोर येतो आणि त्यात `keywords` शोधलं की सगळे टॅग रांगेने उभे. उडालेल्या व्हिडिओचं पान आता उघडत नव्हतं, पण त्याच कार्यक्रमाचे बाकीचे तुकडे शाबूत होते. पहिल्यातच हे सापडलं:

```
<meta name="keywords" content="bhimsen joshi live, bhimsen joshi yaman, kumar gandharva, kishori amonkar, malini rajurkar tappa, ...">
```

टॅगांना सगळे मिळून 500 अक्षरांची मर्यादा आहे. ती भरल्यावर उरलेली नावं पुतण्याने डिस्क्रिप्शनच्या तळाशी स्वल्पविराम देऊन चिकटवली होती. तिथे 5000 अक्षरं मावतात, त्यामुळे त्याला अडवणारं कुणी नव्हतं. दिवंगत, हयात, किराणा, जयपूर, आग्रा घराण्यांचे, सगळे गवई एका परिच्छेदात. तबल्यावर साथ करणाऱ्या मुलाचं नाव मात्र कुठेच नाही.

त्याला विचारलं तर म्हणाला, "हिट व्हिडिओचे टॅग उचलायचे, सगळे असंच करतात." सगळे करतात हे खोटं नाही. आमच्या शहरात पाचशे टॅगांची यादी विकणारे महाभाग आहेत, आणि विकत घेणारे त्याहून जास्त. ज्या पेटीत 500 अक्षरं मावतात तिच्यासाठी पाचशे टॅग घेणाऱ्या माणसाला काय समजवायचं! त्यात गंमत अशी की यूट्यूबच्या स्वतःच्या मदत-पानावर लिहिलंय, व्हिडिओ सापडण्यात टॅगांचा वाटा अगदी थोडा असतो. शीर्षक, थंबनेल आणि डिस्क्रिप्शन यांना जास्त महत्त्व. टॅगांचा खरा उपयोग लोक शब्द चुकीचा लिहितात तिथे. आमच्याकडे `gwalior gharana` लिहिणारे आहेत तसे `gwaliyar gharana` लिहिणारेही आहेत. तेवढ्यासाठी टॅग. त्याच मदत-पानावर हेही आहे की डिस्क्रिप्शनमध्ये टॅगांची रास ओतणं धोरणाविरुद्ध आहे. म्हणजे जे आत लपवलं त्याने फारसं काही मिळत नव्हतं, आणि जे खाली ओतलं होतं तेच अंगाशी आलं.

पुतण्याकडे मात्र हुकमाचं पान होतं: व्ह्यूज. गेल्या वर्षीच्या यमनच्या व्हिडिओला ते खरोखरच नेहमीपेक्षा जास्त होते. म्हणून मी त्याला वर्गातल्या सतरंजीवर शेजारी बसवलं आणि यूट्यूब स्टुडिओतलं विश्लेषण उघडलं. वरवरचा सरासरी आकडा बघून काही कळत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गर्दी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायच्या. आधी प्रेक्षक कुठून आले ते घ्यायचं, त्यातून यूट्यूबवरचा शोध निवडायचा, म्हणजे लोकांनी टाइप केलेले शब्द एकाखाली एक येतात आणि प्रत्येकासमोर ते सरासरी किती वेळ थांबले ते दिसतं. `bhimsen joshi yaman` शोधून आलेले लोक अर्धं मिनिटही टिकत नव्हते. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिलं मिनिट तानपुरे जुळवण्यात जातं. म्हणजे ही माणसं षड्ज लागायच्या आत निघून गेली होती. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेले मूठभर लोक वीस-वीस मिनिटं बसले होते.

"हे बघ," मी म्हटलं, "ज्यांना तू व्ह्यूज म्हणतोस त्यांनी गाणं ऐकलेलंच नाही." शिवाय नुकसान तिथेच थांबत नाही. कुठला व्हिडिओ कुणापुढे ठेवायचा हे ठरवताना लोक तो किती वेळ बघतात हेही मोजलं जातं. शास्त्रीय संगीत शोधणारे रसिक आमचं पान उघडतात आणि लगेच पळतात, ही साक्ष आपण आपल्याच हाताने नोंदवत होतो.

मग तो वादाला आला. वाद चांगला होता, हे कबूल करायला हवं. भीमसेनजी लहानपणी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले ते ग्वाल्हेरला आले, इथल्या माधव संगीत विद्यालयात शिकले. मग त्यांचा ग्वाल्हेरशी संबंध नाही का? आहे ना. पण या व्हिडिओत नाही. व्हिडिओत बुवा ती हकिकत सांगत असते तर नाव शीर्षकातही शोभलं असतं. मी धरलेली कसोटी साधी आहे: ज्याचं नाव घेतलं ते माणूस किंवा ती वस्तू चित्रात, आवाजात नाहीतर बोलण्याच्या विषयात असली पाहिजे. गजकवाल्यालाही मी हेच सांगते. त्याला दर हिवाळ्यात शेजारच्या नामांकित दुकानाचं नाव टॅगात घालायचं असतं. दोन्हींची गजक कॅमेऱ्यापुढे फोडून, खाऊन, फरक सांगणार असशील तर खुशाल नाव घे. नुसतं गिऱ्हाईक वळवायला घेतलंस तर व्हिडिओ जाईलच, वर समोरच्याचा ट्रेडमार्क नोंदलेला असला तर वकिलाची नोटीस येण्याची वाट मोकळी. तो ऐकतो, मान डोलवतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा विचारतो.

पुतण्याला लगेच अपील करायचं होतं. मी नको म्हटलं. अपील म्हणजे निर्णय चुकला असं आपलं म्हणणं. इथे तो चुकला नव्हता. गाणं अस्सल आहे हा मुद्दाच नव्हता, कारण गाण्यावर कुणी आक्षेप घेतलेला नव्हता. पहिल्या वेळी ताकीद मिळते, स्ट्राइक नाही. छोटं प्रशिक्षण पुरं केलं आणि पुढचे 90 दिवस तेच धोरण मोडलं नाही तर ताकीद उतरते. मोडलं तर स्ट्राइक, आणि पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर काही चढवता येत नाही. 90 दिवसांत तीन झाले तर चॅनलच जातं, बुवांच्या सगळ्या रेकॉर्डिंगसकट. म्हणून घाई अपिलाची नव्हती, तीच नावं घेऊन बसलेल्या बाकीच्या व्हिडिओंची होती. उडालेल्याकडे लक्ष गेलं, तसं त्यांच्याकडेही कधीही जाऊ शकलं असतं.

टॅग एकगठ्ठा बदलता येतात, ते काम चहा होईस्तोवर झालं. डिस्क्रिप्शन मात्र एकेक उघडून साफ करावं लागलं, कारण प्रत्येकात खरी माहितीही होती: राग, ताल, साथीदार. ती वाचवायची होती. त्या सफाईत एक व्हिडिओ असा निघाला की माझा हात थांबला. बुवांचं सप्रयोग व्याख्यान. त्यात ते ग्वाल्हेरचा तिलवाड्यातला ख्याल आणि किराण्याचा अतिविलंबित एकताल शेजारी ठेवून दाखवतात, अब्दुल करीम खाँसाहेबांचं आणि भीमसेनजींचं नाव घेऊन बोलतात. पुतण्या तोवर धास्तावला होता. तो म्हणाला, इथलीही काढून टाका. मी ठेवली. घाबरून खरी नावंही पुसली तर शोधणाऱ्याची उलट्या बाजूने फसवणूक होते. तो ज्या माहितीसाठी आला ती तिथे आहे आणि त्याला सापडत नाही.

बुवा हे सगळं पानाला चुना लावत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या गुरूंचं नाव कुठे घातलंयस?" टॅगात होतं, भीमसेनजींच्या आणि कुमारजींच्या मध्ये. "ते तिथून काढ. वर नीट वाक्यात लिही, हा टप्पा कुणाकडून आला ते." ते मी लिहिलं. तबलजीचंही नाव घातलं. टप्प्याचं रेकॉर्डिंग साफ मजकुरासह पुन्हा चढवलं आणि ते राहिलं.

एवढ्यावर मी फाइल बंद केली असती. पण साताऱ्याचे एक निवृत्त गृहस्थ आता बुवांकडे ऑनलाइन शिकतात. ते या वर्गाकडे आले कसे, तर भीमसेनजींचा यमन शोधताना. पहिल्यांदा चिडले, म्हणे, आणि तशी प्रतिक्रियाही लिहिली: "पंडितजींना ऐकायला आलो होतो, हे काय लावलंय?" पण कानाला लागलेले तानपुरे बंद केले नाहीत. पुतण्या हे मला दर भेटीत ऐकवतो. आलाच ना माणूस? मी म्हणते, त्याच ओळीत बाकीचे किती पळाले ते बघ. तो म्हणतो, पळालेले तसेही येणार नव्हते.

व्याख्यानाचा व्हिडिओ आता भीमसेनजींच्या नावाने शोधणाऱ्यांना मिळतो आणि ते लोक टिकतात. तक्ता मी मुद्दाम पुतण्याला दाखवला. बुवा दोन्ही घराण्यांची लय गाऊन दाखवतात तिथपर्यंत टिकलेल्या प्रेक्षकांची रेघ जवळजवळ सपाट जाते. त्याने ती नीट पाहिली. मग म्हणाला, "ठीक आहे ताई, व्याख्यान ऐकतात. टप्पा कोण ऐकणार?"

टप्प्याखाली सध्या शिष्येचं नाव, राग, ताल, गुरू आणि `gwaliyar` एवढंच आहे. शोधातून रोज एखाद-दुसरा येतो. पुरा ऐकतो. पुतण्याला हे सांगितलं, त्याला पुरलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरत नाही.