चार लाखांचा बोनस, पावणेतीन हातात, परत मात्र पूर्ण चार

पुण्यातल्या माझ्या आधीच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये मला रिटेन्शन बोनस दिला, चार लाख. अट एकच: अठरा महिने थांबायचं, त्याआधी गेलास तर 'संपूर्ण बोनसची रक्कम' परत. कंपनीनेच काढलं तर वसुली नाही, असंही लिहिलं होतं. सही करताना मी फक्त आकडा पाहिला. तीस टक्के स्लॅब आणि सेस धरून १,२४,८०० रुपये टीडीएस कापला गेला आणि खात्यात २,७५,२०० आले. ते कारच्या डाउन पेमेंटला गेले.

ऑगस्ट २०२४ मध्ये, अकराव्या महिन्यात, मी सोडलं. राजीनामा, नोटीस पिरियड, लॅपटॉप परत करणं, सगळं सुरळीत झालं. मग फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, कागद आला: वसुली ४,००,०००. शेवटचा पगार आणि रजांचे पैसे मिळून १,६०,००० वळते केले, उरलेले २,४०,००० एनईएफटीने भरा. भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर नाही.

मी एचआरला विचारलं, "मला मिळाले पावणेतीन, मग चार कसे मागता?" उत्तर आलं, "टॅक्स तुमच्या नावावर भरलाय सर, आमच्याकडे नाही." हे खरंच आहे. मागच्या आर्थिक वर्षाचा टीडीएस सरकारजमा झाला होता, फॉर्म १६ निघाला होता, माझं रिटर्नही भरून झालं होतं. म्हणजे न टिकलेल्या उत्पन्नावरचे सव्वा लाख माझ्या खिशातून. सोडणं आणि वसुली दोन्ही ३१ मार्च २०२४ च्या आत झालं असतं, तर त्याच वर्षाच्या पगारातून बोनस वजा होऊन टॅक्स आपोआप कमी झाला असता. तारीख हातात असेल तर एवढं बघा.

नव्या कंपनीत रुजू व्हायला लेटर हवं होतं, म्हणून मी निमूटपणे २,४०,००० पाठवले. इथेच घोळ झाला. बँकेतून आलेला पैसा म्हणजे पेरोलच्या बाहेरची वसुली, असं त्यांच्या सिस्टीमने धरलं. अंतिम टॅक्स कॉम्प्युटेशनमध्ये एप्रिल ते ऑगस्टचा साडेसात लाखांचा पगार जसाच्या तसा होता. चार लाखांचा उल्लेखच नाही.

पुढचे पाच आठवडे तक्रारींच्या तिकिटांत गेले. एचआर म्हणे पेरोल बघेल, पेरोल म्हणे फायनान्स, फायनान्सचं तिकीट दोन दिवसांत 'सोडवलं' म्हणून बंद. ओळखीच्या सीएंनी सांगितलं की मागच्या वर्षाचं रिटर्न सुधारून फार उपयोग नाही, कारण त्या वर्षी पैसे खरोखरच मिळाले होते आणि फॉर्म १६ तेच सांगतो. कलम ८९ ची सवलतही थकबाकीसाठी होती, परतफेडीसाठी नाही. आयकर कायद्यात परत केलेल्या पगारासाठी थेट कलमच नव्हतं. तेव्हा उरला एकच मार्ग: वसुलीच्या वर्षाच्या पगारात कंपनीने ती रक्कम उणे दाखवायची. तसं करायला कंपनी तयार हवी. माझी म्हणे, "तशी पॉलिसी नाही."

शेवटी फायनान्समधल्या एका सद्गृहस्थांनी फोन उचलला. मी करार, मूळ बोनसची सॅलरी स्लिप आणि एनईएफटीची पावती एकाच मेलमध्ये पाठवली होती. ते म्हणाले, "अहो, या वर्षाचा फॉर्म १६ अजून बनायचाय. पगाराचा तपशील २४क्यूच्या, म्हणजे कंपनीच्या तिमाही टीडीएस विवरणपत्राच्या, चौथ्या तिमाहीत जातो. आत्ता उणे एंट्री टाकता येईल." इतकंच होतं! ऑक्टोबरमध्ये सुधारित कॉम्प्युटेशन आलं: साडेसातऐवजी साडेतीन लाख. ते फॉर्म १२बी, म्हणजे जुन्या नोकरीतल्या पगाराचा तपशील देणारा फॉर्म, याबरोबर नव्या कंपनीला दिलं. वर्षाचं एकूण उत्पन्न चार लाख वजा होऊनही पंधरा लाखांच्या वरच राहिलं, म्हणजे सूट तीस टक्क्यांनीच मिळाली आणि १,२४,८०० पूर्ण वळते झाले. नवा पगार कमी असता किंवा मी वर्षभर घरी बसलो असतो, तर सूट खालच्या स्लॅबने मिळाली असती, म्हणजे बराच भाग बुडाला असता.

'असले बाँड कोर्टात टिकत नाहीत' म्हणून मला धीर देणारे बरेच भेटले. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. माझं प्रकरण तर हातात घेतलेला पैसा परत करण्याचं होतं.

आणखी एक आठवलं, हे खरं तर सही करताना बघायचं. करारात 'महिन्यांच्या प्रमाणात वसुली' हे शब्द आहेत का? असते तर माझ्याकडून चार लाखांतले सात अठरांश, म्हणजे सुमारे १,५५,५५६ रुपयेच मागता आले असते. माझ्या एका सहकाऱ्याने ते मागून घेतले होते. मला मात्र ते मागता येतात हेच माहीत नव्हतं.